बंद कपाटात गुदमरणारा सेट-टॉप बॉक्स

नव्या टीव्ही युनिटमध्ये सगळं कसं झाकलेलं हवं असतं. सनमायकाचं शटर, आत सेट-टॉप बॉक्स, त्याच्यावरच वायफायचा राउटर आणि मागे वायरींचा गुंता. दिसायला हे छान दिसतं. पण काही महिन्यांनी, बहुतेक वेळा उन्हाळ्यात, रात्री मालिका ऐन रंगात आलेली असताना चित्र थिजतं, रिमोट चालेनासा होतो आणि तंत्रज्ञाला बोलावणं जातं. तो सकाळी येतो तेव्हा बॉक्स गार झालेला असतो आणि अगदी नीट चालतो! मग छत्रीची दिशा बदलली जाते, केबल बदलली जाते आणि दोष तसाच राहतो.

म्हणून आधी दोष सिग्नलचा आहे की उष्णतेचा, हे ओळखायला हवं. सिग्नल कमी पडला की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, पडद्यावर सिग्नल नसल्याचा संदेश येतो. पण मेनू उघडतो आणि रिमोट चालतो. बॉक्स तापला असेल तर तो पुरता हँग होतो: मेनू येत नाही, चॅनल बदलत नाही. बटण बंद करून लगेच चालू केलं तर थोडा वेळ चालतो आणि पुन्हा अडकतो. तासभर बंद ठेवला तर बराच वेळ टिकतो. खात्री करायची तर बॉक्स एक संध्याकाळ शटरबाहेर मोकळ्यावर ठेवून बघावा. तेवढ्यात तो नीट चालला, तर कपाटच दोषी.

बॉक्स वीज खातो थोडीच, साधारण दहा-पंधरा वॉट. पण ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. त्यात राउटर आणि दोघांचे अडॅप्टर धरले की पंचवीस वॉटच्या आसपास आकडा जातो. प्लायवूड उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही आणि हवा कोंडलेली असते. रिमोटने बॉक्स ‘बंद’ केला तरी तो बहुधा स्टँडबायवर जातो आणि तापणं चालूच राहतं. बहुतेक बॉक्सना पंखा नसतो. झाकणावरच्या आणि तळाच्या फटींतून हवा वाहील, एवढ्याच भरवशावर ते बनवलेले असतात.

अकोल्याच्या माझ्या मावसबहिणीकडचं उदाहरण सांगते. मे महिन्यातली रात्र, खोलीत ३६ अंश. तिच्या शटरबंद खणात साधा डिजिटल थर्मामीटर ठेवला, तर दोन तासांनी आकडा ४९ वर गेला. अशा बॉक्सच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा साधारण ४० ते ४५ अंश दिलेली असते. बॉक्सच्या आतली चिप त्याहूनही कितीतरी तापलेली असते, हे वेगळंच.

आधी आम्ही राउटर बॉक्सवरून उतरवून बाहेर भिंतीवर टांगला. अंगावर दुसरं यंत्र असलं की झाकणाच्या फटीच बुजतात. मग सुताराने युनिटच्या मागच्या फळीला होल सॉने भोकं पाडली: दोन तळाशी, दोन वरच्या कडेजवळ, प्रत्येक साधारण ६० मिलिमीटरचं. वर आणि खाली दोन्हीकडे भोकं हवीत, हे मात्र विसरू नये. गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. फक्त वर भोकं पाडली तर आत येणारी हवा कुठून येणार? फळी भिंतीला चिकटलेली असेल तर भोकांचा उपयोग नाही, म्हणून युनिट दोन इंच पुढे ओढलं. त्याच खोलीच्या तापमानाला खणात ४० अंश भरले आणि चित्र अडकणं थांबलं.

युनिट भिंतीत ठोकलेलं असेल तर शटरच्या जागी जाळीचं किंवा पट्ट्यांचं दार लावता येतं. तेही जमत नसेल, तर वरच्या भोकावर यूएसबीवर चालणारा छोटा पंखा, हवा बाहेर फेकेल असा बसवावा. बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटवण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण टीव्हीच्या पाठीची उष्णताही त्याला सोसावी लागते. बॉक्स बाहेरच ठेवायचा तर सगळ्यात सोपं, फक्त उन्हाची तिरीप त्यावर येऊ देऊ नये आणि वर विणलेला रुमाल अंथरू नये. झाकणाच्या फटींतली धूळ मऊ ब्रशने झाडावी. झाकण उघडायला जाऊ नये.

एवढं करूनही बॉक्स अडकत राहिला, तर अडॅप्टर तपासावा. सतत उष्णतेत राहिलेल्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकतात, व्होल्टेज डळमळतं आणि लक्षणं अगदी तापलेल्या बॉक्ससारखीच दिसतात. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा, पिनही जुळणारा दुसरा अडॅप्टर लावून बघावा. हे दोन्ही आकडे जुन्या अडॅप्टरच्या लेबलवर छापलेले असतात.