९४४० म्हणजे नेमका किती पाऊस?

२६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अमेरिकेची नोआ ही संस्था जगभरच्या केंद्रांच्या रोजच्या नोंदी GHCN-Daily या संग्रहात ठेवते. आपल्या हवामान खात्याची तारीख आणि त्या संग्रहाची पद्धत धरली, तर हा पाऊस असा लिहावा लागेल:

```
20050727,PRCP,9440
```

नुसती ओळ वाचणाऱ्याला वाटेल, २७ तारखेला जवळपास साडेनऊ मीटर पाऊस पडला! खुलासा डेटा डिक्शनरीत सापडतो. फाइलमधल्या प्रत्येक रकान्यात काय आहे, ते आकड्यांत आहे की अक्षरांत, एकक कोणतं आणि कोणत्या किमती चालतात, हे सांगणारा हा तक्ता. त्यात PRCP पुढे लिहिलंय: पाऊस, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे दहाने भागायचं. त्याच फाइलमधला बर्फ (SNOW) मात्र पूर्ण मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे सगळ्यालाच सरसकट दहाने भागलं की बर्फाचे आकडे बिघडतात.

तारखेचं कोडं वेगळं आहे. हवामान खातं सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतं आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस वाचनाच्या दिवसावर मांडतं. संग्रहात वाचनाच्या वेळेसाठी स्वतंत्र रकाना आहे, पण अनेक नोंदींत तो रिकामाच असतो. म्हणून ‘तारीख’ या रकान्यापुढे नुसतं ‘दिनांक’ लिहिणं मला अपुरं वाटतं. चोवीस तास कधी सुरू होतात आणि कधी संपतात, हे तिथे यायलाच हवं.

सर्वांत घातक चूक होते ती न मिळालेल्या नोंदीची. या संग्रहाच्या मूळ फाइलींत अशा दिवशी -9999 लिहितात. समजा, एका केंद्राचं दहा वर्षांचं सरासरी कमाल तापमान ३२ अंश आहे. तापमानही दहाव्या भागात असल्याने ते ३२० असं दिसतं. एका महिन्यात असा एक -9999 हिशेबात शिरला, तर सरासरी शून्याखाली जाते आणि चूक लगेच कळते. पण दहा वर्षांच्या, म्हणजे सुमारे ३६५० दिवसांच्या सरासरीत तोच एक आकडा फक्त ०.२८ अंशाची घट करतो. ३१.७ अंश पाहून कुणालाही शंका येत नाही. हवामानबदलाच्या अभ्यासात मात्र दशकभरातला बदल साधारण एवढाच असतो.

‘चालणाऱ्या किमती’ हा रकाना इथे कामाला येतो. पावसापुढे ‘शून्य किंवा अधिक, नोंद नसल्यास -9999’ असं लिहिलेलं असलं, की सरासरी काढण्याआधी प्रत्येक रकान्यातली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत काढून या मर्यादांशी ताडता येते. शून्य म्हणजे मोजण्याजोगा पाऊस नाही आणि -9999 म्हणजे माहीत नाही. शिंतोडे पडले पण मापात आले नाहीत, तर शून्यासोबत शेजारच्या खुणेच्या रकान्यात T येतो. तो रकाना अनावश्यक समजून काढून टाकला, की कोरडा दिवस आणि शिंतोड्यांचा दिवस यांत फरक उरत नाही.