‘क’ आघाडीवर, पण कुणाच्या मते?

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवू. मतदानाला आठवडा उरलेला असताना एका वाहिनीने एका मतदारसंघातल्या १,००० मतदारांना फोन केले. ‘क’ पक्षाला ४३ टक्के आणि ‘ख’ पक्षाला ४१ टक्के पसंती मिळाली, उरलेले १६ टक्के इतरांकडे गेले. ‘क आघाडीवर’ ही बातमी दिवसभर चालली. उत्तर देणाऱ्यांत ७०० पुरुष आणि ३०० स्त्रिया होत्या. मतदारयादीत मात्र दोघांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. या चाचणीचा नमुना योग्य होता का आणि तिचा मतदारांवर काय परिणाम होऊ शकतो?

पहिली शंका बहुधा संख्येबद्दल येते. लाखो मतदारांत हजार जण पुरतात का? मतदार खरोखर यदृच्छेने, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी देऊन निवडले असतील, तर हजार जणांच्या चाचणीत साधारण तीन टक्के इकडे-तिकडे एवढाच फरक अपेक्षित असतो. निवडच एकांगी असेल, तर लाखो माणसं विचारूनही उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि साप्ताहिकाने लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी दोन राज्यं सोडून सगळी जिंकली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात या याद्यांत सुखवस्तू माणसांचाच भरणा होता. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतंही सारखी नव्हती. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

आता आपली चाचणी उघडून पाहू. समजा, ‘क’ला ४६ टक्के पुरुषांची आणि ३६ टक्के स्त्रियांची पसंती होती, म्हणजे ३२२ आणि १०८, एकूण ४३०. ‘ख’ला ३८ टक्के पुरुष आणि ४८ टक्के स्त्रिया, म्हणजे २६६ आणि १४४, एकूण ४१०. स्त्री-पुरुषांना यादीप्रमाणे सारखं वजन दिलं, तर ‘क’ ४१ टक्क्यांवर उतरतो आणि ‘ख’ ४३ वर चढतो. बातमीच उलटी होते! या दुरुस्तीला भारांकन म्हणतात. पण दोन टक्क्यांचा हा फरकही चुकीच्या मर्यादेच्या आतच आहे, म्हणून ‘ख आघाडीवर’ म्हणणंही चूकच. ‘लढत अटीतटीची’ एवढंच म्हणता येतं. भारांकनालाही मर्यादा आहे. ज्या बाईकडे स्वतःचा फोन नाही, तिचं मत फोन असलेल्या बाईसारखंच असेल, हे गृहीत धरावं लागतं.

परिणामाचा भाग इथून सुरू होतो. जिंकणाऱ्याच्या बाजूने जाणारे काही असतात, तर आपला पक्ष मागे पडलेला पाहून जिद्दीने बाहेर पडणारेही असतात. या चाचणीत सर्वांत मोठा फटका त्या १६ टक्क्यांना बसू शकतो. मत वाया जाईल या भीतीने त्यांतले काही जण पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतील. तेही अशा क्रमवारीवरून, जी मुळात सिद्धच झालेली नाही.

एक्झिट पोलमध्ये मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारतात, त्यामुळे त्यांचं मत बदलण्याचा प्रश्न नसतो. पण मतदान टप्प्याटप्प्याने होतं. २०२४च्या लोकसभेला नागपूरने १९ एप्रिलला आणि मुंबईने २० मे रोजी मत दिलं. नागपूरचा कौल मधल्या महिन्यात वाहिन्यांवर फिरला असता, तर मुंबईकर त्यापासून अलिप्त राहिले नसते. म्हणूनच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ पहिल्या टप्प्यापासून शेवटचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला मनाई करतं. मतदानपूर्व चाचण्यांवर इतकी लांब बंदी नाही. वाहिन्यांना मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या दाखवता येत नाहीत. आपली चाचणी आठवडाभर आधीची, म्हणजे कायद्यात बसणारी.

नमुना चोख असला तरी मतांवरून जागा काढणं अवघडच. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी, ४४ टक्क्यांच्या आसपास होती. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. देशभरात बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं, मिळाल्या २९३.

तेव्हा चांगल्या उत्तरात ‘क’ जिंकेल की ‘ख’ हे नसावं. कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही, दुरुस्ती कशी केली आणि फरक चुकीच्या मर्यादेबाहेर आहे का, हे त्यात असावं. ही माहिती न देता आघाडी जाहीर करणारी वाहिनी मतदारांचा कौल मोजत नाही, त्यावर दबाव आणते.