अ‍ॅड्रिनलची गाठ : रक्त काय सांगतं, सीटी काय सांगतो

रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ’ असं वाचलं की घरात लगेच कॅन्सरचं नाव निघतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या या ग्रंथींतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. मात्र साधी गाठही हॉर्मोन ओतत राहिली, तर शरीर पोखरून काढते.

समजा, अडतीस वर्षांची एक बाई आहे. चेहरा गोल झालाय, हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळे पट्टे. जरा लागलं की काळंनिळं होतं, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. साखर आणि बीपी दोन्ही वाढलेलं. हे कॉर्टिसॉल जास्त झाल्याचं चित्र. डॉक्टर आधी विचारतात : गुडघेदुखीची पुडी, दम्याची गोळी, त्वचेचं मलम? त्यांतल्या स्टेरॉइडनेही हेच होतं.

तसं काही नसेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देतात. मेंदूखालची पिट्युटरी ती ओळखते आणि अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारं एसीटीएच थांबवते. त्यामुळे सकाळी आठला कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या आत यायला हवं. बाईचं येतं १४. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही हा आकडा फसवा वाढतो, म्हणून चोवीस तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉलही पाहतात. तेही वाढलेलं निघतं.

आता एसीटीएच. ते जवळजवळ शून्य असेल तर अ‍ॅड्रिनल हुकमाशिवाय काम करतेय. कमी झालेलं नसेल तर संशय पिट्युटरीवर, क्वचित फुप्फुसातल्या गाठीवर जातो. पिट्युटरीची गाठ दूर पसरली तरच तिला कॅन्सर म्हणतात, आणि ते फारच दुर्मीळ. रक्त तपासण्याआधीच एमआरआय करण्याची घाई मला धोक्याची वाटते, कारण धडधाकट माणसांपैकी दहात एकाच्या पिट्युटरीत निरुपद्रवी ठिपका दिसू शकतो.

या बाईचं एसीटीएच अगदी कमी, म्हणून अ‍ॅड्रिनलचा सीटी, आधी इंजेक्शनच्या औषधाशिवाय. साध्या गाठीत बहुधा चरबी भरपूर असते आणि तिची घनता १० हाउन्सफील्ड युनिट किंवा त्याहून कमी भरते. पाण्याची शून्य असते. बाईची गाठ ३ सेंटिमीटरची, कडा स्वच्छ, घनता ६. म्हणजे साधी. तीच ७ सेंटिमीटरची, ओबडधोबड, घनता ३५, आणि सोबत पुरुषी हॉर्मोन वाढून दाढीमिशा झपाट्याने येऊ लागल्या असत्या, तर कॅन्सर गृहीत धरूनच पावलं टाकावी लागली असती. मधल्या गाठींचा निवाडा कधीकधी काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

अशा गाठीत सुई घालून तुकडा घेण्याचा हट्ट धरू नये. त्यातून साधी आणि कॅन्सरची गाठ नीट वेगळी करता येत नाही, आणि कॅन्सर असलाच तर तो सांडण्याची भीती असते. गाठ अ‍ॅड्रिनॅलिन बनवणारी निघाली, तर सुई लागताच बीपी भडकून जीव जाऊ शकतो. घनता जास्त असेल तर त्यासाठी मेटानेफ्रिनची तपासणी आधी होते.

बाईची गाठ दुर्बिणीतून काढतात. दुसरी अ‍ॅड्रिनल इतके दिवस झोपलेली असल्याने तिला कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं. ते मनाने अचानक बंद केलं तर उलट्या होऊन बीपी कोसळतं.