मुकादमामार्फत परराज्यात जाणारा मजूर : त्याचे हक्क आणि मूळ मालकाची जबाबदारी

पावसाळा सरला की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक गावांतून मजुरांच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. टोळी जमविणारा मुकादम बहुधा ओळखीचा असतो; परंतु काम कोणाचे, मजुरी कोणत्या दराने आणि परतीचे भाडे कोण देणार, हे मजुराला क्वचितच ठाऊक असते. या अज्ञानातूनच पुढची फसवणूक घडते.

तेव्हाच्या ओरिसा राज्यात 'दादन' नावाने अशीच प्रथा होती. सरदार मजुरांना दूरच्या प्रकल्पांवर नेत आणि तेथे कबूल केलेली मजुरी देत नसत. या प्रथेच्या चौकशीतून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा निर्माण झाला. तो २ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आला आणि कंत्राटदारामार्फत आलेले पाच किंवा अधिक परराज्यीय कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता.

कायद्याने काय दिले होते?

मजुराचे छायाचित्र असलेले पासबुक देणे कंत्राटदारावर बंधनकारक होते. कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, भत्ते व कपाती यांची नोंद त्यात करावी लागे. मजुरी किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये आणि तेच काम करणाऱ्या स्थानिक कामगाराइतकी असावी, असा दंडक होता. मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती विस्थापन भत्ता म्हणून मिळे. ही रक्कम मजुरीत वळती करता येत नसे. जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासातील दिवसांची मजुरी वेगळी असे.

निवासाबाबत केंद्रीय नियमांनी मापेच घालून दिली होती. सहकुटुंब राहणाऱ्या मजुराला किमान १० चौरस मीटरची खोली, ओसरी व स्वयंपाकासाठी आच्छादित जागा द्यावयाची होती. एकट्या मजुरांच्या बराकीत दहांहून अधिक जण ठेवता येत नसत.

एक हिशेब

समजा, बारा जणांची टोळी सुरतेस सहा महिन्यांच्या बांधकामावर गेली. रोज ५०० रुपयांप्रमाणे महिन्याचे २६ दिवस धरल्यास एका मजुराचे मासिक वेतन १३,००० रुपये होते. जुन्या कायद्याप्रमाणे विस्थापन भत्ता ६,५०० रुपये झाला असता. एका वेळचे भाडे २५० रुपये धरल्यास जाण्यायेण्याचे ५०० रुपये आणि प्रवासाच्या दोन दिवसांची मजुरी १,००० रुपये. म्हणजे मजुरीखेरीज ८,००० रुपये त्याच्या हक्काचे होते.

आता मुकादमाने रोज ५० रुपये 'कमिशन' कापले, तर १५६ दिवसांत ७,८०० रुपये जातात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर हेच घडले होते. कंत्राटदार जमादाराकडे मजुरामागे रोज ९ रुपये २५ पैसे देत आणि जमादार त्यातून एक रुपया ठेवून घेई. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करविणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. कंत्राटदार नेमल्याने सरकारी यंत्रणांची जबाबदारी टळत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

आता काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७९ च्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिची स्थलांतरितांविषयीची तरतूद असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दरमहा १८,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला, स्वतःहून परराज्यात जाऊन काम मिळविणारा मजूरही आता तिच्या व्याख्येत येतो. मात्र या प्रकरणात विस्थापन भत्ता राहिलेला नाही आणि निवासाची पूर्वीची तरतूदही नाही. जाण्यायेण्याच्या भाड्याची ठोक रक्कम मालकाने द्यावयाची असून, त्यासाठी किती दिवस काम झालेले असावे हे नियमांनी ठरते. प्रवासातील दिवसांच्या मजुरीचा उल्लेख त्या कलमात नाही. वरील हिशेबातील ८,००० रुपयांपैकी आता या प्रकरणाखाली मागता येतात ते भाड्याचे ५०० रुपये.

मजुरीचा हक्क मात्र कायम आहे. २०१९ च्या वेतन संहितेनुसार कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ज्याच्या आस्थापनेत काम झाले तो मालक जबाबदार ठरतो आणि थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.

दावा टिकतो तो पुराव्यावर. कामगाराला नेमणूकपत्र देणे नव्या संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. टोळी निघण्यापूर्वी त्याची मागणी व्हावी आणि मुकादमाचे नाव, मूळ मालकाचे नाव व पत्ता, कामाचे ठिकाण, मजुरीचा दर, दिलेली उचल व निघाल्याची तारीख यांची नोंद ग्रामपंचायतीत अथवा शाळेतील शिक्षकाकडे राहावी. मूळ मालकाचे नावच ठाऊक नसेल, तर परतलेल्या मजुराला दावा कोणावर करावा हेच कळत नाही आणि मुकादमाच्या शब्दावर त्याला विसंबून राहावे लागते.