चाळीसचा खटका पडला का नाही?
घरच्या पॅनेलच्या फोटोतून एमसीबी, फ्यूज आणि आयसोलेटर कसा ओळखावा

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) नेवासे तालुक्यात सोनई हे साखर कारखान्याचे आणि बाजारपेठेचे गाव. अशा गावात पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या खोलीत कारखाना अशीच बहुतेक कारागिरांची मांडणी असते. तिघांचीही वीज एकाच मीटरवरून आणि एकाच पॅनेलमधून जाते. सोनईतील एका शिवणकाम करणाऱ्या कारागिराच्या अशाच मधल्या खोलीतील वायर एके दिवशी जळाली. इस्त्रीच्या बोर्डापाशी धूर झाला, प्लास्टिक वितळले. सुदैवाने कापडाच्या गठ्ठ्यांपर्यंत आग गेली नाही. त्यांनी पॅनेलचा फोटो काढून ओळखीच्या वायरमनला पाठवला आणि विचारले, “भाईजान, मेन एमसीबी चाळीसचा आहे. वायर जळेपर्यंत तो पडला कसा नाही? बदलून टाकू का?”

वायरमनने फोटो मोठा करून पाहिला आणि कळवले, “चाचा, तो एमसीबी नाही, आयसोलेटर आहे. तो कधीच आपणहून पडत नसतो.”

हा घोटाळा आपल्या अनेक घरांत आणि दुकानांत आहे, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा. खटका कोणत्याही प्रकारचा असला तरी आपण त्याला सरसकट ‘एमसीबी’ म्हणतो. कंपन्याही एमसीबी आणि आयसोलेटर एकाच मापाच्या पांढऱ्या डबीत घालून विकतात. दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हींची दांडी वर-खालीच होते. दांडीच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. आयसोलेटरची दांडी पुष्कळदा लाल असते हे खरे, पण सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत.

कामे मात्र वेगवेगळी आहेत. एमसीबी वायरचा पहारेकरी आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह वाहू लागला की आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झाल्यास आतले चुंबक त्याला क्षणार्धात पाडते. फ्यूजही तेच काम करतो, पण स्वतः जळून. आयसोलेटरमध्ये पट्टीही नाही आणि चुंबकही नाही. माणसाने हाताने बंद केला तर तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो, एवढेच त्याचे काम. त्याच्यावर लिहिलेल्या ‘चाळीस अँपिअर’चा अर्थ ‘चाळीसपर्यंत प्रवाह मी सोसू शकतो’ असा आहे. त्याहून जास्त प्रवाह गेला तर तो स्वतः तापेल, पण तोडणार नाही.

आता फोटोत काय पाहायचे ते सांगतो. फ्यूज सर्वांत सोपा आहे, कारण त्याला दांडी नसते. चिनीमातीचा पांढरा, बोटांनी धरून ओढून काढायचा ठोकळा दिसला की तो फ्यूज, ज्याला आपल्याकडे ‘किटकॅट’ म्हणतात. वीज मंडळाच्या काळातील घरांत लाकडी फळीवर हे ठोकळे रांगेने बसवलेले आजही सापडतात. त्या काळातील लोखंडी मेन स्विचमध्ये मात्र दोन्ही वस्तू एकत्र असतात. बाजूचे हँडल आयसोलेटरचे काम करते आणि पेटीच्या आत किटकॅट फ्यूज असतो. बाहेरून काढलेल्या फोटोत तो आतला फ्यूज दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण दांडीवाल्या खटक्यांची. तेथे अक्षरे वाचावी लागतात. एमसीबीवर अँपिअरच्या आकड्याआधी एक इंग्रजी अक्षर असते, बी, सी किंवा डी. घरगुती पॅनेलमध्ये बहुधा ‘सी १६’, ‘सी १०’ असेच दिसेल. हे अक्षर शॉर्टसर्किटला खटका किती पटीवर तत्काळ पडेल ते सांगते. सी म्हणजे पाच ते दहा पट. आयसोलेटरला आपणहून पडायचेच नसल्यामुळे हे अक्षर त्याच्यावर नसते, नुसते ‘४० ए’ असते. दुसरी खूण एका बारीक चौकटीतील मोठ्या आकड्याची, ६००० किंवा १००००. शॉर्टसर्किटच्या वेळी एमसीबी इतक्या अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो, असा त्याचा अर्थ. आयसोलेटरवर अशी चौकट नसते. तिसरी खूण छापलेल्या आकृतीची. एमसीबीच्या आकृतीत स्विचच्या टोकाशी फुली असते. आयसोलेटरच्या आकृतीत फुली नसून तेथे छोटी आडवी रेघ आणि बहुधा एक बारीक वर्तुळ असते. काही एमसीबींवर फुली आणि रेघ दोन्ही असतात, म्हणून रेघ शोधण्यापेक्षा फुली शोधावी. फोटो फारच स्पष्ट असेल तर मानकाचा क्रमांकही वाचता येतो. घरगुती एमसीबीवर ६०८९८ आणि आयसोलेटरवर ६०९४७-३ असतो.

चौथा एक पाहुणा हल्ली पॅनेलमध्ये असतो, आरसीसीबी. तोही आयसोलेटरसारखा दुप्पट रुंद असतो, पण त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण आणि ‘३० एमए’ असा आकडा असतो. वीज जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की तो पडतो, म्हणून तो असलाच पाहिजे. पण जास्त लोड झाल्यावर तोही पडत नाही. ‘आमच्याकडे आरसीसीबी आहे, वायर जळणार नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

सोनईच्या फोटोकडे परत येऊ. डावीकडे लाल दांडीचा दुप्पट रुंद खटका, त्यावर ‘४० ए’. अक्षर नाही, चौकट नाही, फुली नाही. त्याच्या उजवीकडे चार एकेरी खटके: दोन ‘सी १०’, दोन ‘सी १६’. हे चारही खरे एमसीबी. खाली पेनने लिहिले होते, ‘हॉल’, ‘किचन’, ‘मोरी’, ‘दुकान’. वायरमनच्या नजरेत भरली ती गोष्ट फोटोत नसलेली होती. शिवणकामाच्या खोलीचे नाव कोठेच नव्हते! मग त्या खोलीला वीज कोठून येत होती?

जळालेल्या बोर्डाला हात न लावता, त्याची प्लगे काढलेली असताना, वायरमनने फोनवरच एक साधी तपासणी करून घेतली. चारही एमसीबी खाली करायला सांगितले. हॉल, स्वयंपाकघर, मोरी, दुकान सगळे बंद झाले, पण शिवणखोलीतील ट्यूब चालूच राहिली. मग आयसोलेटर खाली केला, तेव्हा ती विझली. निष्कर्ष सरळ होता. खोली नंतर वाढवली तेव्हा कोणीतरी तिची वायर आयसोलेटरच्या खालच्या स्क्रूतूनच ओढली होती आणि वाटेत एकही एमसीबी नव्हता. धूर होऊन गेलेल्या ठिकाणी वायरमन येईपर्यंत आयसोलेटर खालीच ठेवायचा असतो, तसा तो ठेवला गेला.

आता हिशेब पाहा. खोलीत हजार वॅटच्या दोन इस्त्र्या आणि सुमारे शंभर वॅटच्या मोटरी लावलेल्या चार शिलाई मशिनी होत्या. थंडीत त्याच बोर्डावर पाणी तापवायची दीड हजार वॅटची कांडीही लागे. एकूण ३९०० वॅट. त्याला २३० व्होल्टने भागले की सुमारे १७ अँपिअर येतात. वायर होती एक चौरस मिलिमीटरची, म्हणजे पाइपातून नेल्यावर जेमतेम ११ अँपिअरची. अशी वायर एका दिवसात जळत नाही. रोज थोडी तापते, आवरण कडक होऊन तडकते आणि अखेर जोडाच्या जागी धूर निघतो. बोर्डाचा पिवळट पडलेला रंग आणि जळकट वास ही आधीची सूचना असते. मधे ‘सी १०’ असता तर १७ अँपिअरला तो काही मिनिटांत पडला असता.

मग मीटरखालच्या किटकॅटने का अडवले नाही? फ्यूज आपल्या आकड्यावरच वितळतो, असा समज आहे. तारेचा फ्यूज साधारण दुपटीच्या आसपास वितळतो. १५ अँपिअरची फ्यूज तार अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि ती वितळायला सुमारे ३० अँपिअर लागतात. म्हणजे योग्य तार असूनही ही बारीक वायर वाचली नसती. येथे तर वायरीचे जाड तांबे पिळून घातले होते, त्यामुळे फ्यूज असून नसल्यासारखा. ही गोष्ट मात्र फोटोत दिसली नाही. वायरमनने येऊन किटकॅट ओढला तेव्हा कळली.

दुरुस्तीत आयसोलेटर बदललाच नाही, कारण तो धड होता. शिवणखोलीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर टाकली आणि तिला पॅनेलच्या मोकळ्या जागेत स्वतःचा ‘सी १६’ दिला. कांडी मोरीच्या प्लगवर गेली. उरलेल्या २४०० वॅटला साडेदहा अँपिअर लागतात, ते या वायरला सहज पेलतात. किटकॅटमध्येही योग्य जाडीची फ्यूज तार घातली.

आपल्या पॅनेलचा फोटो पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, समोर सरळ उभे राहून काढावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण त्याची चकाकी नेमकी अक्षरांवर पडते. आधी मीटर आणि किटकॅटसह सगळे एकत्र दिसेल असा एक, मग प्रत्येक खटक्याचा जवळून एक. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर बारीक अक्षरे फुटतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे नसतात म्हणून प्रसिद्धी आहे. पॅनेलचे झाकण मात्र फोटोसाठीही काढू नये. छोटे दार उघडावे, स्क्रूने बसवलेली पाटी सोडू नये. आयसोलेटर खाली केला तरी त्याच्या मीटरकडच्या स्क्रूंमध्ये वीज जिवंत असते. मीटरच्या आधीचा सीलबंद कटआउट महावितरणचा आहे, त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि जुन्या फळीच्या फोटोत दोन किटकॅट शेजारी दिसले, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर, तर वायरमनला तेवढ्यासाठीच बोलवावे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासूनच न्यूट्रलवर वेगळा फ्यूज घालायला मनाई आहे. न्यूट्रलचा फ्यूज गेला की घरातले सगळे दिवे विझतात, माणूस वीज नाही असे समजून बोर्ड उघडतो आणि फेज मात्र तारेत तशीच उभी असते. तेथे न्यूट्रलच्या किटकॅटऐवजी पितळी लिंक बसवून घ्यावी.