तब्रीझच्या बाजारातली चिनी नोट

1294 साली इराणमधल्या तब्रीझच्या बाजारात अचानक कागदी पैसा आला. त्याला ‘चाव’ म्हणत. नोटेवर चिनी अक्षरं होती, इस्लामचा कलमा होता आणि राजा गैखातूला बौद्ध भिक्षूंनी दिलेलं तिबेटी नावही होतं. कागदाच्या एका तुकड्यावर तीन संस्कृती!

मंगोल विजयांशिवाय हे घडलं नसतं. चंगीझ खानाचा एक नातू, कुबलाई, चीनवर राज्य करत होता. दुसरा, हुलागू, 1258 साली बगदाद लुटून इराणात स्थिरावला. दोन्ही दरबारांत दूत, व्यापारी आणि जाणकारांची ये-जा होती. घोडे बदलण्याच्या ठाण्यांमुळे निरोप झपाट्याने पोचत. कुबलाईचा दूत बोलाद इराणात आला तो तिथेच राहिला. चीनमधल्या नोटांची माहिती गैखातूला त्याच्याकडूनच मिळाली.

पण छापण्याची युक्ती आली, तिच्यामागचा भरवसा आला नाही. कुबलाईने 1260 मध्ये नोटा काढल्या तेव्हा त्यांच्यामागे चांदीचा साठा होता, शिवाय सरकार स्वतः करापोटी त्या घेत असे. गैखातूचा खजिना मात्र उधळपट्टीने रिकामा झालेला, आणि नोट नाकारली तर थेट मृत्युदंड.

तब्रीझकरांनी नोट नाकारली नाही, दुकानंच बंद केली. बाजारात खायला मिळेना, लोक शहर सोडू लागले. जेमतेम दोन महिन्यांत चाव मागे घ्यावा लागला. पुढे याच बोलादने इतिहासकार रशीदुद्दीनला मंगोलांची हकिगत पुरवली. ती उसनवारी मात्र टिकली.