अंड्याचे टरफल खाता येते, पण वस्त्रगाळ करूनच

शेळगाव, इंदापूर, बारामती या पट्ट्यात घरोघरी अंड्यांची टरफले निघतात. फार तर ती चुरून कोंबड्यांपुढे टाकतात, नाहीतर गुलाबाच्या बुडाशी. तीच पूड माणसाने खाल्ली तर कॅल्शियम मिळेल का, हा प्रश्न गुडघेदुखीच्या गप्पांत हमखास निघतो आणि उत्तरे दोन्ही टोकांची मिळतात.

गैरसमज : टरफल म्हणजे दगड. ते अंगी लागत नाही.

टरफलाचा बहुतेक सगळा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत हेच द्रव्य असते. एका अंड्याच्या टरफलाचे वजन साधारण 5 ते 6 ग्रॅम आणि त्यात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असते. बारीक पूड जेवणासोबत घेतली की पोटातल्या आम्लात विरघळते आणि अंगी लागते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर मात्र गोळी काय, पूड काय, फारसा उपयोग होत नाही.

गैरसमज : स्वच्छ धुऊन उन्हात वाळवले की काम झाले.

खरा धोका इथे आहे. टरफलावर कोंबडीच्या विष्ठेतून आलेले साल्मोनेला जंतू असू शकतात. ते पाण्याने धुऊन जात नाहीत आणि कोरड्या पुडीतही दीर्घकाळ तग धरतात. म्हणून ताजी, न कुजलेली टरफले घ्या, चिकटलेला बलक धुऊन काढा आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पुढे दहा मिनिटे उकळू द्या. उकडलेल्या अंड्याची टरफले असली, तरी सोलताना हात लागलेला असतो, म्हणून तीही पुन्हा उकळावीत. मग मंद आचेच्या तव्यावर परता. आतला पापुद्रा कुरकुरीत झाला आणि टरफल चिमटीत टचकन मोडले की ते वाळले. अंगणात वाळत घातले तर धूळ आणि माश्या बसतात.

थंड झाल्यावर मिक्सरच्या अगदी कोरड्या भांड्यात दळा. झाकण लगेच उघडू नका, उडालेली पूड खाली बसू द्या, नाहीतर ती नाकात जाते. मग पीठ चाळायच्या चाळणीवर न थांबता स्वच्छ मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. वर राहिलेला चुरा पुन्हा दळा. चिमूटभर पूड बोटांत चोळल्यावर मैद्यासारखी लागली पाहिजे. कचकच लागली तर ती खाऊ नका, कारण टोकदार कण घसा आणि अन्ननलिका ओरबाडू शकतात. पुडीवर लिंबू पिळले की फेस येतो आणि काहींना ती शुद्धतेची खूण वाटते. त्या फेसावरून कार्बोनेट आहे एवढेच कळते, जंतू मेले की नाही हे कळत नाही.

गैरसमज : चुलीत जाळून घरीच भस्म करावे, ते जास्त गुणकारी.

आयुर्वेदात कुक्कुटाण्डत्वक भस्म आहे, हे खरे. पण ते शोधन आणि पुटे देऊन जाणकाराच्या देखरेखीखाली तयार होते. घरी टरफले जाळली आणि आच फार तीव्र झाली, तर कार्बोनेटाची चुनकळी होते. ती ओली झाली की तापते आणि तोंड, घसा भाजते. तव्यावरच्या मंद आचेने असे होत नाही.

गैरसमज : घरचे आहे, कितीही घेतले तरी चालते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. रोज दोन पेले दूध पिणाऱ्या आणि नाचणीची भाकरी खाणाऱ्या बाईची यातली निम्म्याहून अधिक गरज ताटातूनच भागते. तिची तूट सुमारे 400 ते 500 मिलिग्रॅमची असेल, तर एका टरफलाच्या पुडीचा चौथा हिस्सा, म्हणजे सपाट पाव चमचा, पुरतो. शरीर एका वेळी एवढेच नीट शोषून घेते. आठ टरफलांची पूड महिनाभर जाते. ती पिठात मिसळून भाकरीत किंवा दह्यात घ्यावी.

जास्त घेतल्यास बद्धकोष्ठ होते, आणि फार दिवस अति झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी ही पूड घेऊ नये. लोहाची गोळी आणि ही पूड एकत्र घेतली तर लोह कमी शोषले जाते, म्हणून दोन तासांचे अंतर ठेवा. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास. आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांच्या पोटात ही पूड नीट विरघळत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मोजून मिळतातच. त्यावर आणखी पूड नको, आणि लहान मुलांनाही आपल्या अंदाजाने देऊ नये.